सिरिंज सुईला बसली कशी?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये ४ जानेवारी २००१ रोजी ल्युकेमियाचा एक १८ वर्षांचा रुग्ण इंजेक्शनसाठी आला. त्याला दोन औषधं द्यायची होती. सायटोसिन पाठीच्या कण्यातून, तर व्हिनक्रिस्टिन शिरेतून. व्हिनक्रिस्टिन शिरेत गेलं तर उपचार. कण्यात गेलं तर ते मज्जातंतू नष्ट करत वर मेंदूपर्यंत पोचतं. त्या दिवशी ते कण्यात गेलं. चूक काही मिनिटांत लक्षात आली, धावपळ झाली, पण महिन्याभरात रुग्ण दगावला.

दोषी कोण, याचं उत्तर न्यायालयाने २००३ मध्ये दिलं: देखरेख करणाऱ्या डॉक्टरला आठ महिन्यांची कैद. प्राध्यापक ब्रायन टॉफ्ट यांच्या चौकशीचा प्रश्न मात्र निराळा होता. हे घडू शकलंच कसं?

अशा चौकशीला रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणतात. आधी घटनाक्रम तासातासाने मांडायचा आणि मग प्रत्येक टप्प्यावर ‘असं का झालं?’ हे विचारत मागे जायचं. दोन्ही औषधं एकाच वेळी समोर येऊ नयेत, हा रिवाज होता. तरी वॉर्डात ती एकत्रच पोचली होती. देखरेख करणारा डॉक्टर त्या वॉर्डात अगदी नवा होता. इंजेक्शन देणाऱ्या ज्युनिअरने औषधाचं नाव ऐकून शंका काढली. वरिष्ठाने होकार दिला आणि विषय संपला. वरिष्ठाला दुसऱ्यांदा टोकायचं धाडस किती ज्युनिअर करतील?

आणि शेवटचा दुवा प्लास्टिकचा. शिरेची सिरिंज कण्यातल्या सुईला बिनबोभाट बसली, कारण दोन्हींची जोडणी एकाच मापाची होती.

ही अशी पहिलीच घटना नव्हती. ब्रिटनमध्ये १९८५ पासून असे डझनभर तरी प्रकार घडल्याचं सरकारी अहवालाने आदल्याच वर्षी नोंदवलं होतं. एकेका रुग्णालयात ही चूक कुणा एकाचा हलगर्जीपणा वाटते. नोंदी एकत्र आल्या की चूक तीच आणि माणसं दरवेळी वेगळी, हे दिसतं. मात्र नोंद केली की नोकरी जाणार असेल, तर फॉर्म कोरेच राहतात. थोडक्यात टळलेले प्रसंग तर आधी लपतात.

‘अधिक काळजी घ्या’ असं परिपत्रक काढणं सोपं, पण नवा माणूस आला, घाई झाली की त्याचा उपयोग सरतो. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हिनक्रिस्टिन सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यायला सुचवलं. पिशवी पाहून कण्यातलं इंजेक्शन समजण्याची शक्यता फार कमी. काहींना भीती होती ती औषध शिरेबाहेर झिरपण्याची. त्यामुळे पिशवी चालू असताना नर्सने सुईच्या जागेवर लक्ष ठेवावं लागतं. कण्यातल्या सुयांसाठी वेगळ्या मापाच्या जोडणीचं आंतरराष्ट्रीय मानक आलं ते २०१६ मध्ये.