केकमध्ये सोडा घालायचा की बेकिंग पावडर?

कृतीत लिहिलेलं असतं दही, पण घरी दही नसतं. मग तुम्ही तेवढंच दूध ओतता, बाकी सगळं तसंच ठेवता. केक फुगतो, वरून छान तपकिरीही होतो, पण पहिल्याच घासाला जिभेवर साबणासारखी चव येते. मुलं ताट बाजूला सारतात. दोष ओव्हनचा नाही आणि मैद्याचाही नाही. दही गेलं, तेव्हा मिश्रणातला आंबटपणा गेला, पण सोडा मात्र तेवढाच राहिला.

खाण्याचा सोडा एकटा फारसं काही करू शकत नाही. त्याला आंबट पदार्थाची साथ लागते. दही, ताक, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भेटलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी केक हलका होतो. आंबट काही नसेल तर ओव्हनच्या उष्णतेनं सोडा थोडा वायू सोडतो खरा, पण मागे जे उरतं ते सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा! साबणाची चव येते ती यामुळेच.

बेकिंग पावडरमध्ये हाच सोडा असतो, पण त्याच्यासोबत कोरडं आम्ल आणि दोघांना ओलाव्यापासून जपणारं कॉर्नफ्लोअरसारखं पीठ आधीच मिसळलेलं असतं. म्हणून दूध, साखर, लोणी अशा गोड्या मिश्रणातही ती काम करते. या भेसळीमुळे तिचा जोर सोड्याच्या साधारण तिसरा-चौथा हिस्सा असतो. एका कप मैद्याला बेकिंग पावडर १ छोटा चमचा लागते, तर सोडा पाव छोटा चमचाच पुरतो.

आता दह्याचा बिनअंड्याचा केक घ्या. दीड कप मैदा, १ कप दही, अर्धा छोटा चमचा सोडा आणि १ छोटा चमचा बेकिंग पावडर, असं प्रमाण बऱ्याच घरांत चालतं. एक कप आंबट दही साधारण अर्धा छोटा चमचा सोडा पूर्णपणे वापरून टाकतं, म्हणून सोड्याचं माप तेवढंच. मग पावडर कशाला? सोडा आंबटाला भेटताच काम सुरू करतो आणि बराचसा वायू मिश्रण भांड्यात असतानाच निघून जातो. बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरी मात्र ओव्हनची उष्णता लागल्यावर पुन्हा एकदा वायू सोडतात. तरीही मिश्रण कालवून फोनवर गप्पा मारत बसू नका, ओव्हन आधीच गरम करून ठेवा.

हाच केक दुधात करायचा असेल तर सोडा पूर्ण वगळा आणि बेकिंग पावडर २ छोटे चमचे करा. दूध दह्यापेक्षा पातळ असतं, म्हणून आधी पाऊण कपच घाला, लागलं तर वाढवा. सोडाच वापरायचा हट्ट असेल तर कपात १ मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन वर दूध भरा आणि १० मिनिटं ठेवा. दूध फाटल्यासारखं दिसेल, तेच हवं आहे. दही अगदी ताजं, गोडसर असेल तर मात्र सोडा पाव चमच्यावर आणा आणि पावडर थोडी वाढवा.

चॉकलेट केकमध्ये कोको पावडर गोंधळ घालते. साधी कोको पावडर आंबटसर असते, त्यामुळे ती सोड्याला साथ देते. डच पद्धतीची, गडद रंगाची पावडर मात्र अल्कली लावून तयार केलेली असते, तिच्यात तो आंबटपणा उरत नाही. तिच्यासोबत दही किंवा ताक नसेल तर बेकिंग पावडरच वापरा. गुळावरही भिस्त ठेवू नका, प्रत्येक गुळाचा आंबटपणा सारखा नसतो.

सोडा जास्त झाला की नाही, हे ढोकळा सगळ्यात चांगलं सांगतो. हळद घातलेल्या पिवळ्या ढोकळ्यावर कधी लालसर ठिपके दिसतात ना? तिथे सोडा आंबटाशी न मिसळता तसाच राहिलेला असतो आणि त्याच्या संपर्कात हळद लाल होते. सगळाच ढोकळा लालसर झाला तर सोडा जास्त किंवा लिंबू कमी पडलं समजा. नुसतेच ठिपके असतील तर माप ठीक आहे, पुढच्या वेळी सोडा नीट मिसळा. केकमध्ये हळद नसते, तिथे खूण म्हणजे आतपर्यंत पिवळट-तपकिरी झालेला रंग आणि कडसर चव.

डबा जुना झाला असेल तर आधी तपासा. सोड्याच्या चिमटीवर लिंबू पिळा, बेकिंग पावडरवर गरम पाणी ओता. दोन्हीकडे लगेच जोरात फेस यायला हवा. आंबट न घालताही फेसाळते ती पावडर, सोडा नाही. त्यामुळे लेबल निघालेल्या दोन डब्यांतला फरकही गरम पाण्याच्या याच चाचणीत कळतो.