मातीचा अहवाल आणि खताचं गणित

समजा, माती परीक्षणाच्या अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी १९० किलो, स्फुरद १६ किलो आणि पालाश ४१० किलो आलं आहे. बागायती गव्हाची शिफारस आहे १२०:६०:४०, म्हणजे हेक्टरी तेवढे किलो नत्र, स्फुरद आणि पालाश. हे पाहून कृषी पदविकेचा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, मातीत १९० किलो नत्र आहे, गव्हाला १२०च लागतं, मग युरिया कशाला?"

कारण अहवालातला आकडा हा शिलकीचा हिशोब नव्हे. प्रयोगशाळेत रसायनाने जेवढं नत्र मोकळं होतं, तेवढं सगळं मुळांना हंगामात मिळतंच असं नाही. तो आकडा फक्त जमिनीची प्रत सांगतो. २८०च्या खाली नत्र 'कमी' धरतात, म्हणून आपली जमीन नत्रात कमी, स्फुरदात मध्यम आणि पालाशात भरपूर ठरते. काळ्या जमिनीत असं चित्र नेहमी दिसतं.

प्रात्यक्षिकातला साधा नियम असा: प्रत कमी असेल तर शिफारशीत २५ टक्के वाढ, मध्यम असेल तर आहे तेवढंच, जास्त असेल तर २५ टक्के घट. त्यानुसार आपली मात्रा होते १५०:६०:३०.

आता ही मात्रा खतात बसवायची. सुरुवात डीएपीपासून करावी, कारण त्यात ४६ टक्के स्फुरदाबरोबर १८ टक्के नत्रही असतं. ६० किलो स्फुरदासाठी डीएपी लागतं १३० किलो, आणि त्यातून साधारण २३.५ किलो नत्र आपोआप मिळतं. उरलेल्या १२६.५ किलो नत्रासाठी ४६ टक्क्यांचा युरिया २७५ किलो पुरतो. पालाशासाठी ६० टक्क्यांचं म्युरेट ऑफ पोटॅश ५० किलो.

वह्या तपासताना सर्वाधिक चुका इथेच सापडतात. डीएपीतलं नत्र वजा करायचं राहतं आणि युरिया ३२६ किलो निघतो. म्हणजे हेक्टरी ५१ किलो, एका ४५ किलोच्या गोणीहून जास्त युरिया फुकट जातो. चूक पकडायची तर उलट ताळा करावा: प्रत्येक खताचं वजन गुणिले त्यातलं नत्र, आणि बेरीज १५० यायला हवी.

एकरी हिशोबासाठी अडीचने भागा. डीएपी ५२, पोटॅश २० आणि युरिया ४५ किलो पेरणीबरोबर. उरलेला ६५ किलो युरिया साधारण २१ दिवसांनी, पाण्याच्या पाळीला. सामू ८च्या वर असेल, तर युरिया कोरड्या रानावर फेकून ठेवू नये. त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं.

हे सगळं गणित नमुन्यावर उभं आहे. बांधाजवळची किंवा शेणखताच्या ढिगाखालची माती घेतली असेल, तर ताळा बरोबर येऊनही मात्रा त्या शेताची नसते. म्हणून अहवालात नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला, ही ओळ आधी वाचावी.