रजेवरील कर्मचाऱ्यास पत्र



परभणी जिल्ह्यातील येलदरी गावी पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. समजा, या धरणाच्या दरवाजांवर काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या पायाचे हाड मोडले. अडीच महिन्यांच्या वैद्यकीय रजेनंतर तो कामावर परत येणार आहे. त्याच्या साहेबांनी त्याला कसे पत्र लिहावे?

"प्रकृती बरी असल्यास त्वरित रुजू व्हावे," एवढेच लिहिले तर घोटाळा होतो. पगार जाईल या भीतीने कर्मचारी म्हणतो, "मी बरा आहे." महाराष्ट्र शासनाच्या १९८१ च्या रजा नियमांनुसार अशा रजेवरून परतताना डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. परंतु त्याचे काम उंच शिडी चढण्याचे आहे, हे डॉक्टरांना कोठे ठाऊक असते? ते 'कामास योग्य' असे लिहून देतात. मग पावसाळ्यातील एखाद्या रात्री पाणी वाढते, आणि तो अधू पायाने ओल्या शिडीवर चढतो.

म्हणून पत्रात कामाची माहिती हवी. हा नमुना पाहा :

दिनांक : २० जुलै
विषय : १ ऑगस्टपासून कामावर रुजू होण्याबाबत

महोदय,
आपल्या कामांची यादी सोबत जोडली आहे : शिडी चढणे, रात्रपाळी, पाण्याची पातळी वहीत लिहिणे, दूरध्वनी घेणे. यांपैकी कोणती कामे आपण करू शकाल आणि कोणती किती दिवस टाळावीत, हे डॉक्टरांकडून लिहून आणावे. आजाराचा इतर तपशील कळविण्याची गरज नाही.
तूर्त पहिले सहा आठवडे आपणांस दिवसपाळीत, बसून करण्याचे काम देण्याचे योजिले आहे. शिडीचे काम आपले सहकारी करतील. पगारात कपात होणार नाही. १२ सप्टेंबर रोजी आपण पुन्हा भेटून पुढचे ठरवू. याहून वेगळी सोय हवी असल्यास अवश्य कळवावे.

पाहा, या पत्रात 'बरे आहात का?' असे विचारलेले नाही. 'कोणते काम जमेल?' असे विचारले आहे. सोय कोणती व किती दिवस, हेही स्पष्ट आहे. तारीख नसती, तर सहा आठवड्यांची सोय कोणीतरी दोन आठवड्यांतच विसरले असते.

पण पाय कायमचा अधू झाला तर? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० प्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते. मात्र काही महिन्यांत बरे होणारे हाड म्हणजे या कायद्यातील अपंगत्व नव्हे. तेथे साहेबांनी समजून लिहिलेले असे पत्रच उपयोगी पडते.

स्वाध्याय : तुमच्या शाळेतील शिपाईकाका हाताच्या शस्त्रक्रियेनंतर परत येणार आहेत. त्यांच्या कामांची यादी करा व मुख्याध्यापकांच्या वतीने त्यांना पत्र लिहा.