अर्धं हिंदी, अर्धं 'घे घे'

माझ्या मावशीला एका जुन्या गाण्याचे दोनच तुकडे आठवत होते. सोनं-चांदी नको अशा अर्थाचं काहीतरी हिंदीत, आणि मधूनच 'घे घे' आणि 'सायबा'. हिंदीत 'सोना चांदी' शोधलं, तर भलतीच गाणी समोर आली. 'घे' आहे म्हणजे मराठीच असणार, असं धरून मराठीत शोधलं, तर काहीच हाती लागलं नाही.

चूक तिथेच होती. 'घे' मराठीत आहे तसं कोकणीतही आहे. आणि 'सायबा' हा तर गोव्याचा उच्चार. गोव्याची असंख्य गाणी रोमी कोकणीत, म्हणजे रोमन लिपीत लिहिली गेली. देवनागरीत टाकलेला शब्द त्या मजकुरापर्यंत पोहोचेलच असं नाही, कारण शोधताना मुख्यतः अक्षरं जुळवली जातात. टाइप केलेल्या शब्दांना चाल नसते.

मग आम्ही आठवलेले शब्द कागदावर दोन रांगांत मांडले, एका रांगेत हिंदी आणि दुसऱ्या रांगेत 'परके'. खात्री नसलेले शब्द गाळले. उरलेले दोन्हीकडचे शब्द रोमन लिपीत एकत्र टाकले आणि जोडीला 'गोवा' आणि 'फिल्म' घातलं:

```
ghe ghe saiba sona chandi goa film
```

अवतरणचिन्हं मुद्दाम टाळली. ती घातली की ओळ अक्षरशः तशीच सापडावी लागते, आणि अर्धवट आठवणीत शब्दांचा क्रम बहुधा चुकलेला असतो. saiba न चालल्यास sayba आणि sahiba करून पाहायचं. हिंदी लिहिणारा 'सायबा'चा 'साहिबा' सहज करून टाकतो.

गाणं निघालं 'बॉबी'तलं. १९७३चा राज कपूरचा चित्रपट, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यातल्या बॉबीचे वडील जॅक ब्रगान्झा गोव्याचे मासेमार, म्हणून हिंदी गाण्यात कोकणी धृपद.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण फक्त 'परकी' रांग शोधल्यावर वेगळंच गाणं पुढे आलं: कार्लुस एउजेनियु फेरेरा यांची जुनी देखणी. नदीपलीकडच्या लग्नाला निघालेली नाचणारीण नावाड्याला एकेक दागिना देऊ करते आणि तो नाही म्हणतो. चित्रपटातलं धृपद याच देखणीवरून आलं आहे. म्हणून सापडलेलं गाणं तेच का, हे ठरवायला दोन्ही रांगांतले शब्द त्यात हवेत. एकाच रांगेतले असतील, तर ते मूळ गाणं किंवा त्याचं भावंड असू शकतं.

देखणी शोधायची तर रोमी कोकणीचं लेखन लक्षात ठेवावं. 'अ' पुष्कळदा o होतो, शेवटचा अनुस्वार m होतो, 'श' x होतो. म्हणून 'पलतडी वेतां' असं ऐकू आलं तरी टाइप करायचं Poltoddi Vetam.