माउथ ऑर्गनवाल्याची धून

सर्जिओ लेओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968) या चित्रपटात चार्ल्स ब्रॉन्सनने केलेल्या पात्राला नावच नाही. विचारणाऱ्याला तो उत्तर देतो ते बहुधा माउथ ऑर्गन वाजवून. सगळे त्याला ‘हार्मोनिका’ म्हणतात. एन्निओ मॉरिकोनेने त्याला दिलेली धून जेमतेम काही सुरांची, कर्कश, कण्हल्यासारखी आहे. तिला गाणे म्हणवत नाही.

रूढ रीत अशी, की आधी चित्रीकरण व्हायचे आणि मग संगीतकार तयार दृश्यांवर संगीत बसवायचा. लेओने आणि मॉरिकोने रोममध्ये बालपणी एका वर्गात होते. या दोघांनी क्रम उलटा केला. गोष्ट ऐकून मुख्य धुना आधीच रचल्या गेल्या आणि चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवल्या गेल्या. नट त्या लयीत चालले, कॅमेराही.

पात्राची धून बांधताना संगीतकार सहसा त्याचा स्वभाव शोधतो. शायेन या दरोडेखोराला बँजोची घोड्याच्या चालीची लय मिळाली ती त्यामुळे. हार्मोनिकाची धून मात्र एका घटनेतून आली आहे, आणि ती घटना प्रेक्षकाला अखेरच्या द्वंद्वापर्यंत कळत नाही. तोवर आपण त्या सुरांना माणसाची लकब समजत राहतो. (‘शोले’तला जय संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवतो तेव्हा त्याचे मन कळते, इथे काहीच कळत नाही.) फक्त एक धागा दिसतो: खलनायक फ्रँकची इलेक्ट्रिक गिटार आणि हा माउथ ऑर्गन एकाच रचनेत गुंफलेले आहेत. या दोघांचे जुने काहीतरी देणे आहे, हे कथेच्या आधी संगीत सांगून टाकते.

मग पूर्वस्मृती उलगडते. मोठ्या भावाच्या गळ्यात फास आहे आणि तो लहान भावाच्या खांद्यांवर उभा आहे. फ्रँक हसत त्या मुलाच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. या वाद्याचे वैशिष्ट्य असे, की फुंकले तरी सूर निघतो आणि श्वास आत ओढला तरी निघतो. ओझ्याखाली धापा टाकणाऱ्या मुलाला ते न वाजवणे शक्यच नाही. इतका वेळ आपण ऐकत होतो ती धून म्हणजे ती धाप होती.

म्हणूनच ती गोड करून चालली नसती. व्हायोलिनवर नेली असती तरी रहस्यासह अर्थ गेला असता. इथे सुरांपेक्षा वाद्य महत्त्वाचे. आणखी एक संयम असा, की धुनेचा खुलासा एकदाच होतो. त्यानंतर मरणाऱ्या फ्रँकच्या तोंडात तोच माउथ ऑर्गन खुपसला जातो. त्याच्या शेवटच्या श्वासांनी तो क्षीणसा वाजतो आणि तोंडातून गळून पडतो.