चौकट : दुरुस्त व्हिडिओसोबतचं पत्र

लंबकाच्या प्रयोगाचा व्हिडिओ पुन्हा पाठवताना अकरावीच्या विद्यार्थ्याने असं लिहावं :

आदरणीय सर,
सुधारित व्हिडिओ पाठवत आहे. पहिल्यात g चं मूल्य १०.७२ आलं होतं. कारणं दोन.

१. (मिनिट १:१०) गोळा सोडतानाच मी ‘एक’ म्हटलं, त्यामुळे २० म्हणून मोजलेली दोलनं प्रत्यक्षात १९ होती आणि वेळ ३८ सेकंद आली. आता ‘शून्य’पासून मोजलं, २० दोलनांना ४० सेकंद लागले. एवढ्यानेच उत्तर ९.६७ वर आलं.

२. (मिनिट २:०५) लांबी फक्त दोऱ्याची, ९८ सेंमी धरली होती. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत हवी. गोळ्याचा व्यास २.५ सेंमी, म्हणून लांबी ९९.२५ सेंमी. उत्तर ९.८० मी/से².

३. याशिवाय, पंख्याच्या आवाजात बोलणं दबत होतं. निवेदन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं.

बाकी चित्रण तेच आहे.
आपला विद्यार्थी

शेवटून दुसरी ओळ विसरू नका. ती नसेल तर शिक्षकांना सगळा व्हिडिओ पुन्हा पाहावा लागतो. आणि ‘आवश्यक ते बदल केले’ एवढंच लिहिलेलं पत्र न पाठवलेलं बरं.