भाषणाआधी स्वतःला नावाने हाक मारा

समजा, दहावीतल्या नसरीनचे वक्तृत्व स्पर्धेत भाषण आहे. गेल्या वर्षी ती मधेच अडखळली होती. आता तिच्या आधी दोनच मुले उरली आहेत, समोर अम्मी-अब्बा बसले आहेत आणि तिचे हात गार पडले आहेत. मनात एकच घोळते आहे, ‘मी पुन्हा विसरले तर? सगळे मला हसतील.’

या विचारात ‘मी’ आणि ‘मला’ किती वेळा येतात ते पाहा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये नेमका याच गोष्टीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका प्रयोगात लोकांना थोडक्या तयारीवर परीक्षकांसमोर भाषण करायला सांगितले. भाषणाआधी काहींनी आपल्या भीतीचा विचार ‘मी’ म्हणून केला, तर काहींनी स्वतःचे नाव घेऊन. नाव घेणाऱ्यांची भाषणे परीक्षकांना अधिक चांगली वाटली. नंतर त्यांना लाजही कमी वाटली आणि झाल्या गोष्टीचा काथ्याकूट त्यांनी कमी केला.

असे का होते? नावाने आपण बहुधा दुसऱ्यालाच हाक मारतो. त्यामुळे स्वतःचे नाव घेतले की आपली अडचण मैत्रिणीची असल्यासारखी थोडी लांबून दिसते. मैत्रिणीला आपण घाबरवत नाही, तिला मार्ग सुचवतो.

नसरीनने मनातल्या मनात असे बोलावे: ‘नसरीन का घाबरली आहे? गेल्या वर्षी ती दुसरा मुद्दा विसरली म्हणून. मग नसरीन, या वेळी तुझे तिन्ही मुद्दे तळहातावरच्या कागदावर आहेत. अडखळलीस तर थांब, श्वास घे आणि कागद बघून पुढचा मुद्दा सुरू कर.’ आधी भीतीचे कारण, मग स्वतःला सल्ला, एवढाच क्रम आहे. दोन-तीन मिनिटे त्याला पुरेशी आहेत आणि ओठ हलवण्याचीही गरज नाही.

चूक होते ती एका ठिकाणी. ‘नसरीन, तू नेहमीच घोळ घालतेस!’ यात नाव आहे, पण सल्ला नाही, नुसते रागावणे आहे. अशाने भीती वाढते. बोलताबोलता ‘मी’ परत आला आणि तोच विचार फिरू लागला, तर पुन्हा नावापासून सुरुवात करावी.

नाव घेणे जमत नसेल, तर सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून आपण मंचावरच्या नसरीनकडे पाहत आहोत, अशी कल्पना करावी. अंतर त्यानेही मिळते.

अर्थात, पाठ न केलेले भाषण याने आठवणार नाही आणि छातीची धडधडही पूर्ण थांबणार नाही. भीतीमुळे मुलगी शाळाच टाळू लागली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एरवी मात्र नसरीनला मंचाकडे जाताना ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा अम्मीने एवढेच विचारावे, ‘नसरीनला तू आत्ता काय सांगशील?’